एकेक शेत वगळून काढलेली स्टँडर्ड एरर नेमकी पाचपट कमी का येते?

रानवारा

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतेय, आता तुमच्याकडे आले.

माझ्याकडे सहा सोयाबीनच्या शेतांचे आकडे आहेत. क्षेत्र एकरात १, २, २, ३, ४, ६ आणि माल क्विंटलमध्ये ९, १५, १७, २२, २८, ३७, त्याच क्रमाने. मला एकरी उतारा हवा आहे, पण प्रत्येक शेताचा वेगळा काढून त्यांची सरासरी नको. एकूण माल भागिले एकूण क्षेत्र असा हवा. म्हणजे १२८ ÷ १८ = ७.११ क्विंटल.

सर म्हणाले, गुणोत्तर आहे, त्यात बायस असतो, म्हणजे उत्तर एका बाजूला झुकतं, जॅकनाइफ लाव. म्हणून एकेक शेत बाजूला ठेवून उरलेल्या पाचांचं गुणोत्तर काढलं. पहिलं शेत वगळलं की ७.०००, दुसरं वगळलं की ७.०६३, मग ६.९३८, ७.०६७, ७.१४३ आणि सहावं वगळलं की ७.५८३. या सहांची सरासरी ७.१३२.

आता माझ्याकडे सहा उत्तरं आहेत, तर त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून √६ ने भागलं. आलं ०.०९५. पुस्तकातल्या जॅकनाइफच्या सूत्राने ०.४७३ येतं. भागून पाहिलं तर फरक बरोबर पाचपट. थोडंफार इकडेतिकडे असतं तर टायपिंगची चूक म्हटलं असतं, पण नेमका पाच? कुठे चुकतेय?

सरळरेषा

तुझी ती सहा उत्तरं स्वतंत्र नाहीत, तिथे घोळ आहे. कोणतीही दोन घे, त्यांच्यात चार शेतं तीच आहेत. एकमेकांना इतकी चिकटलेली उत्तरं असली की √६ ने भागायचा हक्कच उरत नाही. √n ने भागणं हे स्वतंत्र निरीक्षणांना मिळालेलं बक्षीस आहे. तेव्हा भागू नकोस, नुसतं स्टँडर्ड डेव्हिएशन लिही, ०.२३. विषय संपला.

रानवारा

पण पुस्तकात ०.४७ आहे, ०.२३ नाही!

सरळरेषा

मग पुस्तक जास्तच सावध असेल. :)

निवृत्त_नमुनेवाला

सरळरेषा, तुझं निदान अर्धं बरोबर आहे, औषध चुकलं. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत हे खरं. पण म्हणून नुसता भागाकार सोडून दिला की काम भागत नाही.

रानवारा, गुणोत्तर क्षणभर बाजूला ठेव. जिथे खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तिथे ही युक्ती चालवून बघू. तीन आकडे घे: ४, ६, ११. सरासरी ७. मूळ आकडे सरासरीपासून −३, −१, +४ इतके लांब आहेत.

आता एकेक वगळ. ४ वगळला की सरासरी ८.५, ६ वगळला की ७.५, ११ वगळला की ५. ही तिन्ही उत्तरं ७ पासून किती लांब? +१.५, +०.५, −२. मूळ अंतरांशेजारी ठेवून बघ. चिन्ह उलटं झालंय आणि प्रत्येक अंतर बरोबर निम्मं झालंय. तीन आकडे होते म्हणून निम्मं, म्हणजे n−1 ने भागलेलं. सहा असते तर पाचवा हिस्सा झाला असता. तुझा ५ तिथून येतो.

कारणही साधं आहे. एक आकडा काढला की त्याचा धक्का उरलेल्या सगळ्यांत वाटला जातो. वगळून आलेली उत्तरं एकमेकांजवळ दिसतात ती आपला अंदाज पक्का आहे म्हणून नव्हे, दर वेळी आपण एवढंसंच हलवलं म्हणून. तेव्हा ती अंतरं आधी n−1 ने गुणून मूळ मापावर आणायची आणि मग नेहमीचं स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले √n. दोन्ही पायऱ्या एकत्र केल्या की पुस्तकातलं सूत्र मिळतं:

```r
x <- c(1, 2, 2, 3, 4, 6)
y <- c(9, 15, 17, 22, 28, 37)
n <- length(x)
r  <- sum(y) / sum(x)
ri <- sapply(1:n, function(i) sum(y[-i]) / sum(x[-i]))
(n - 1) * (mean(ri) - r)                      # बायस
sqrt((n - 1) / n * sum((ri - mean(ri))^2))    # स्टँडर्ड एरर
```

४, ६, ११ वर ताळा करून बघ. नेहमीच्या पद्धतीने व्हेरिअन्स १३, भागिले ३, म्हणजे ४.३३. वगळण्याच्या पद्धतीने अंतरांच्या वर्गांची बेरीज ६.५, गुणिले २/३, पुन्हा ४.३३. सरासरीच्या बाबतीत जॅकनाइफ नवं काहीच सांगत नाही, जुनंच उत्तर तंतोतंत देतो. म्हणूनच तर गुणोत्तरासारख्या वाकड्या गोष्टीवर त्याच्याकडून काम करून घ्यायचा धीर होतो.

रानवारा

काका, चिन्ह उलटं होतंय हे मी पाहिलंच नव्हतं! म्हणजे सहावं शेत वगळल्यावर उत्तर वर गेलं, कारण ते शेत उत्तराला खाली ओढत होतं. बरोबर ना?

आणि बायसचा n−1 पण हाच का? तो मी सूत्रात मुकाट्याने टाकला होता. 5 × (7.132 − 7.111) = 0.105 आलं.

निवृत्त_नमुनेवाला

अंक तोच, कारण वेगळं. तिथे युक्तिवाद असा आहे: बायस नमुन्याच्या आकाराप्रमाणे घटतो असं धरू, म्हणजे n शेतांवर तो अंदाजे a/n. मग तुझ्या सहा शेतांच्या उत्तरात a/6 इतका बायस आणि पाच-पाच शेतांच्या उत्तरांत a/5. a आपल्याला माहीत नाही, पण या दोहोंतला फरक समोर दिसतोय, ०.०२१. तो a/30 आहे. पाचाने गुणला की a/6 मिळाला, म्हणजे मूळ उत्तरातला बायस, ०.१०५. तो वजा केला की दुरुस्त उतारा ७.००६.

नमुना लहान केल्यावर उत्तर जितकं सरकतं त्यावरून मोठ्या नमुन्यातला कल ओळखायचा, इतकीच ही गंमत. ही कल्पना मॉरिस क्वेनुईची, १९४९ आणि मग १९५६ मधली, आणि त्याचा सगळा डोळा बायसवर होता. तीच वगळलेली उत्तरं स्टँडर्ड एररसाठी वापरायचं टुकीने १९५८ मध्ये सुचवलं. नावही त्यानेच दिलं, खिशातल्या घडीच्या चाकूवरून. कुठल्याच कामाला खास नाही, पण अडल्यावेळी बहुतेक कामाला येतो.

आमच्याकडे याची चुलत भावंडं आधीपासून होती बरं का. महालनोबिसांनी बंगालच्या तागाच्या पाहणीत नमुना स्वतंत्र तुकड्यांत पाडून वेगवेगळ्या लोकांकडून मोजून घेतला होता. तुकड्यांच्या उत्तरांत पडणारा फरक हाच चूक किती असेल याचा अंदाज. सूत्राआधी आकड्यांनाच एकमेकांविरुद्ध साक्षीला उभं करायचं, हा स्वभाव दोन्हीकडे एकच.

बांधावरचा

मला गणितातलं फार कळत नाही, पण सोयाबीन कळतं. मी तुमच्या सहाही शेतांचा एकरी उतारा वेगवेगळा काढून सरासरी केली. ९, ७.५, ८.५, ७.३३, ७, ६.१७. सरासरी ७.५८. आणि सहावं शेत काढून टाकल्यावर तुमचं उत्तर किती आलं? ७.५८! म्हणजे ते सहावं शेतच गडबड आहे आणि दोन्ही पद्धतींनी ते सिद्ध झालं. काढून टाका ते, मोकळे व्हा.

निवृत्त_नमुनेवाला

हा हा, हे जुळलंय खरं, मी कागदावर करून पाहिलं. पण निव्वळ योगायोग आहे हो. ९१ ÷ १२ आणि ४५.५ ÷ ६ एकच येतात एवढंच. पहिल्या शेतात अर्धा क्विंटल इकडचा तिकडे झाला की जुळणी मोडेल.

आणि इथे वगळणं हे बाहेर काढण्यासाठी नाही. प्रत्येक शेत एकदा बाहेर जातं आणि परत येतं. प्रश्न असा असतो की हे शेत आपल्या नमुन्यात आलंच नसतं तर उत्तर किती हललं असतं.

सरळरेषा

ठीक, ०.२३ मागे घेतो. पण मग एक सांगा काका. गुणोत्तराच्या स्टँडर्ड एररचं पुस्तकी सूत्रही आहेच की. प्रत्येक शेताचा माल वजा ७.११ गुणिले क्षेत्र, त्या उरलेल्या फरकांवरून. मी त्याने काढलं, ०.४१ आलं. जॅकनाइफ ०.४७ म्हणतो. खरं कोण?

निवृत्त_नमुनेवाला

दोन्ही अंदाजच. पुस्तकी सूत्र वक्राला सरळ रेषा मानून चालतं आणि लहान नमुन्यात बरेचदा कमी भरतं. जॅकनाइफचा कल जरा जास्त सांगण्याकडे असतो, हे एफ्रन आणि स्टाइन यांनी १९८१ मध्ये व्हेरिअन्सच्या बाबतीत दाखवलं. सहा शेतांवर ०.४१ आणि ०.४७ यात भांडण लावायला मी तयार नाही.

त्यापेक्षा हे बघा. वर्गांची बेरीज ०.२६८ आहे आणि त्यातले ०.२०४ एकट्या सहाव्या शेताचे. चारातले तीन भाग! नावाला सहा शेतं आहेत, पण स्टँडर्ड एरर जवळजवळ एका शेताच्या जिवावर उभी आहे. सहाव्याच्या जागी दुसरं सहा एकराचं शेत आलं असतं तर हा ०.४७ कुठेही गेला असता. रानवारा, प्रबंधात ०.४७३ असे तीन दशांश लिहू नकोस, तेवढी त्याची लायकी नाही.

सडाफुली

मध्येच घुसते. आम्ही रत्नागिरीकडच्या सड्यांवर पावसाळी फुलांचे चौकट-नमुने घेतो, एक मीटर बाय एक मीटर. तिथेही 'जॅकनाइफ' वापरतो, पण आमचं सूत्र अगदी वेगळं दिसतं: सापडलेल्या जाती, अधिक फक्त एकाच चौकटीत सापडलेल्या जाती गुणिले (n−1)/n. मागच्या खेपेला १० चौकटी, ३४ जाती, त्यातल्या ९ एकाच चौकटीतल्या. म्हणून ३४ + ८.१ = ४२ च्या आसपास. हा तुमचाच चाकू आहे की नुसता नामसाधर्म्य?

निवृत्त_नमुनेवाला

तोच चाकू! करून बघा. एक चौकट वगळली की किती जाती कमी होतात? फक्त त्याच चौकटीत असलेल्या, बाकीच्या दुसरीकडे भेटतातच. दहाही चौकटी पाळीपाळीने वगळल्यात तर एकूण ९ वेळा एखादी जात गळते, म्हणजे सरासरी ०.९. वगळलेल्या उत्तरांची सरासरी ३३.१. बायस = 9 × (33.1 − 34) = −8.1. तो वजा केला की ४२.१.

मात्र तुमच्याकडे बायस हाच मुख्य मुद्दा आहे, कारण न दिसलेल्या जाती मोजणीत कधीच येत नाहीत. उत्तर नेहमी कमीच भरणार. रानवाराकडे तसं नाही.

सडाफुली

अय्या, इतकी वर्षं वापरतेय आणि हे कधी उलगडून पाहिलं नव्हतं. पण एक खटकतं. १० चौकटींवर ४२ आणि २० चौकटी घेतल्या की तेच सूत्र आणखी वर जातं. दुरुस्त आकडाही चौकटींबरोबर चढतच राहतो.

निवृत्त_नमुनेवाला

कारण तिथे बायस a/n सारखा निमूट घटत नाही. दुर्मिळ जातींची शेपटी लांब असली की तो फार सावकाश उतरतो, आणि आपली सगळी दुरुस्ती त्या a/n वर बेतलेली आहे. त्या ४२ ला किमान इतक्या तरी असतील असं समजा.

मधला_माणूस

काका, मी नेहमी मिडियन घेतो. उताऱ्यात एखादं शेत वेडंवाकडं असलं तरी मिडियन शांत असतो. रानवाराने सहा उताऱ्यांचा मिडियन घेतला तर ७.४२ येतो. त्यावर हाच कोड चालवला, मिडियन घातला फक्त. स्टँडर्ड एरर ०.१९. बघा, निम्म्याहून कमी! मग गुणोत्तराचा हट्ट कशाला?

निवृत्त_नमुनेवाला

थांबा थांबा. ती सहा वगळलेली उत्तरं छापून बघितलीत का?

मधला_माणूस

आता बघितली. ७.३३, ७.३३, ७.३३, ७.५, ७.५, ७.५. दोनच आकडे?!

निवृत्त_नमुनेवाला

दोनच. उतारे क्रमाने लावा: ६.१७, ७, ७.३३, ७.५, ८.५, ९. खालच्या तिघांतला कोणताही काढा, मधला ७.५ होतो. वरच्या तिघांतला कोणताही काढा, ७.३३. म्हणजे तुमची ०.१९ फक्त मधल्या दोन शेतांमधल्या फटीवरून निघाली. ९ च्या जागी ९० ठेवा आणि ६.१७ च्या जागी १, तरी ०.१९ च. उलट मधली दोन शेतं नेमकी ७.४ आणि ७.४ असती तर स्टँडर्ड एरर शून्य आली असती आणि तुम्ही आनंदाने छापली असती.

एक निरीक्षण वगळल्यावर उत्तर थोडंसं, सलग हललं पाहिजे, यावर जॅकनाइफचं सगळं बेतलंय. मिडियन हलत नाही, उडी मारतो. आणि नमुना वाढवल्यानेही हे सुधारत नाही, हजार शेतं घेतली तरी मधल्या फटीचाच हिशोब होतो. ओळखायची खूण तुम्हाला सापडलीच आहे: वगळलेली उत्तरं छापा, आणि त्यात तेच तेच दोन आकडे आले तर ती स्टँडर्ड एरर टाकून द्या. पर्सेंटाइल, सर्वांत मोठा आकडा, सगळ्यांचं हेच.

मिडियनसाठी बूटस्ट्रॅप करा, एफ्रनचा, १९७९ चा: त्याच शेतांतून परत परत चिठ्ठ्या काढून नवे नमुने घ्यायचे. एकाऐवजी बरीच निरीक्षणं एकदम वगळायचा जॅकनाइफही आहे, शाओ आणि वू यांनी १९८९ मध्ये मांडलेला, पण सहा शेतांवर कशाला तो उद्योग.

मधला_माणूस

मागच्या वर्षीच्या अहवालात मी हेच केलं होतं. असो. तो कोणी वाचला नसेल अशी आशा.

रानवारा

एक कबुली द्यायची राहिली. दोन-दोन एकरांची ती दोन शेतं एकाच शेतकऱ्याची आहेत. बियाणं एक, पेरणीचा दिवस एक, फवारणीही एक. मग मी वगळताना ती दोन वेगळी धरली ते चाललं का?

निवृत्त_नमुनेवाला

हे आधी सांगायचं ना गं! मग शेत नव्हे, शेतकरी वगळायचा. तो शेतकरी जातो तेव्हा दोन्ही शेतं घेऊन जातो: ९६ ÷ १४ = ६.८५७. आता पाच उत्तरं झाली, गुणायला ४/५. माझ्या हिशोबाने ०.४९.

सरळरेषा

०.४७ चं ०.४९. एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?

निवृत्त_नमुनेवाला

इथे थोडक्यात निभावलं, कारण सहावं शेतच सगळं ओढतंय. एका गावातली वीस-वीस शेतं घेऊन सहाच गावं केली असती आणि शेत-शेत वगळलं असतं, तर खरी स्टँडर्ड एरर कितीतरी मोठी असूनही तुला लहान दिसली असती. रोजच्या बाजारभावांचंही तसंच. कालचा भाव वगळला तरी परवाचा आणि आजचा मिळून त्याची चुगली करतात. तिथे सलग दिवसांचे गठ्ठे वगळावे लागतात.

रानवारा

शेवटचा प्रश्न. ७.११ लिहू की ७.०१?

सरळरेषा

७.०१. बायस सापडलाय तर काढायचा, नाहीतर मोजला कशाला?

निवृत्त_नमुनेवाला

मी ७.११ लिहीन. बायस ०.१०५, स्टँडर्ड एरर ०.४७, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडाच जास्त. पाव हिश्श्याच्या आत असला की मी हात लावत नाही. बायसचा तो अंदाजही याच सहा शेतांतून आलाय आणि त्यातही सहाव्याचाच आवाज मोठा आहे. दुरुस्ती करायला जाऊन उत्तर जास्त डळमळीत होतं कधीकधी. बायस तळटिपेत लिही.

सरळरेषा

पण मोठी शेतं एकरी कमी देतायत हे तर उघड दिसतंय, ९ पासून ६.१७ पर्यंत. क्षेत्र आणि उतारा असे बांधलेले असले तर बायस खराच असणार, योगायोग नव्हे. तळटीप कोण वाचतं?

निवृत्त_नमुनेवाला

खरा आहे हे मान्य. किती आहे हे सहा शेतांवरून कळतं, हे अमान्य.

बांधावरचा

पुन्हा येतो, रागावू नका. ते सहा एकर कुणी मोजलेत का? की सातबाऱ्यावरून घेतलेत? सातबाऱ्यावरच्या सहा एकरांत विहीर, बांध, गोठा, पोटखराबा सगळं येतं. लहान शेतात माणूस कोपरा न् कोपरा पेरतो. मोठ्यात पेरा पाचच एकर असू शकतो. मला तर ३७ क्विंटल पाच एकराचेच वाटतात.

निवृत्त_नमुनेवाला

वा! आम्ही सगळे y कडे बघत बसलो आणि या गृहस्थांनी x पकडला. रानवारा, सांग पटकन.

रानवारा

... सातबाऱ्यावरूनच. लहान चार शेतं मी स्वतः टेप लावून मोजली होती, मोठ्या दोघांना कंटाळा केला.

पाच एकर निघाले तर १२८ ÷ १७ = ७.५३ होतंय. म्हणजे तुमचं सगळं ७.११ विरुद्ध ७.०१ चं भांडण बाजूलाच. रविवारी टेप घेऊन जाते. चार एकरवालंही मोजते.

बांधावरचा

सकाळी लवकर जा. आणि नाल्याच्या बाजूने दोन टप्प्यांत मोजा, तिथे बांध सरळ नसतो.